मधल्या सोमवारची किंमत: दिवाळीला जोडून रजा मागताना

२०२६ च्या दिवाळीचं वेळापत्रक पाहा. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे रविवारी आहे. पाडवा मंगळवारी १० ला आणि भाऊबीज बुधवारी ११ ला. शनिवार-रविवार बंद असणाऱ्या ऑफिसात सोमवारची, ९ तारखेची, एक रजा टाकली की शनिवार ते मंगळवार असे चार दिवस सलग मिळतात. भाऊबीजेची सुट्टी नसेल तर आणखी एक रजा टाकून पाच दिवस होतात. हा हिशेब ऑफिसात प्रत्येकाला येतो, आणि सगळ्यांचा डोळा त्याच सोमवारवर असतो.

रजेच्या खात्यातून एक दिवस गेला म्हणजे किंमत चुकती झाली, असं रजा मागणाऱ्याला वाटतं. पण त्या दिवशी ऑफिस सुरू असतं, फोन वाजत असतात आणि कुणाला तरी तिथे बसावं लागतं. जोडून घेतलेल्या रजेची बरीचशी किंमत तो बसणारा भरतो. तुमच्या खात्यातून किती जातं, त्याच्या खात्यातून किती जातं आणि दोन्ही हिशेब आधीच कसे मिटवायचे, ते इथे क्रमाने पाहू.

तुमच्या खात्यातून काय जातं

महाराष्ट्रातल्या दुकानं आणि आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. खासगी ऑफिसातल्या पुष्कळ कर्मचाऱ्यांना तोच लागू होतो. मात्र व्यवस्थापकीय पदावरच्यांना आणि कायद्याच्या कक्षेबाहेरच्या लहान आस्थापनांना तो लागू नाही, त्यांनी नेमणूकपत्र आणि कंपनीचे रजेचे नियम पाहावेत.

या कायद्याने वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा, म्हणजे आपली सीएल, मिळते. ती तिमाहीप्रमाणे खात्यात जमा होते आणि वर्षाअखेर उरली तर बुडते. अर्जित रजेचा हिशेब वेगळा आहे. वर्षात किमान २४० दिवस काम केलं की आदल्या वर्षीच्या दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस मिळतो. २४० दिवसांना १२ रजा झाल्या. त्या ४५ दिवसांपर्यंत साठवता येतात.

मधल्या सोमवारसाठी सीएल शिल्लक असेल तर आधी तीच वापरावी, कारण ती ३१ डिसेंबरला तशीही जाणार असते. अर्जित रजा साठते आणि नोकरी सोडताना तिचे पैसे होतात. समजा रजेच्या पैशांसाठी धरला जाणारा तुमचा महिन्याचा पगार ३९,००० रुपये आहे. काही कंपन्या त्याला २६ ने भागतात, काही ३० ने. त्यानुसार अर्जित रजेचा एक दिवस १,५०० किंवा १,३०० रुपयांचा होतो. रोखीकरणासाठी पुष्कळ ठिकाणी फक्त मूळ पगार धरतात, त्यामुळे आपल्या कंपनीचा भाजक आणि भाज्य दोन्ही एचआरकडून विचारून घ्यावेत.

नोव्हेंबरात रजेच्या अर्जांची झुंबड का उडते, तेही यातच आहे. दिवाळी येईपर्यंत टीममधल्या बहुतेकांकडे बुडू घातलेल्या दोन-चार सीएल असतात. त्या संपवायला उरलेल्या आठवड्यांत सोयीचे दिवस मोजकेच, आणि ९ नोव्हेंबर त्यातला पहिला.

सँडविचचा नियम आधी वाचा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दोन रजांच्या मध्ये सुट्टी आली तर ती सुट्टीही रजेत धरायची, असा नियम पुष्कळ कंपन्यांत असतो. त्यालाच सगळे सँडविच म्हणतात. शुक्रवार ६ आणि सोमवार ९ अशा दोन रजा घेतल्या तर साध्या नियमाने दोन दिवस जातात, सँडविचने चार. १,५०० च्या दराने ३,००० ऐवजी ६,००० रुपयांची अर्जित रजा खर्च झाली.

नुसता सोमवार ९ घेतला तर तिढा वेगळा आहे. इथे रजा मध्ये आणि सुट्ट्या दोन्ही बाजूंना आहेत. बऱ्याच कंपन्या अशा वेळी एकच दिवस कापतात, पण दोन्हीकडच्या सुट्ट्याही मोजणाऱ्या कडक कंपन्या आहेत. सरकारी अर्जात रजेला जोडून येणाऱ्या सुट्ट्यांचा फायदा घेण्याची परवानगी असावी, असं एक ठरलेलं वाक्य असतं. तोच मुद्दा खासगी ऑफिसात मेलवर विचारा: ‘९ नोव्हेंबरला एक दिवस रजा घेतली तर खात्यातून नेमके किती दिवस वजा होतील?’ उत्तर लेखी मिळवा. ऑनलाइन अर्ज भरताना पडद्यावर दिवसांचा आकडा आपोआप येतो. तो तुमच्या हिशेबाशी जुळत नसेल तर अर्ज पाठवण्याआधी थांबा.

बसणाऱ्याच्या खात्यातून काय जातं

२०१७ च्या कायद्याने वर्षाला ८ पगारी सणाच्या सुट्ट्या दिल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या असतात. यातल्या कुठल्याही दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट वेतन आणि शिवाय बदली सुट्टी द्यावी लागते. म्हणजे सणाच्या दिवशी बसण्याला कायद्याने भाव ठरवून दिला आहे.

मधल्या सोमवारला असा भाव नाही, कारण कायद्याच्या लेखी तो कामाचा साधा दिवस आहे. त्या दिवशी एकटा बसणारा तीन जणांचे फोन घेतो, घरच्यांच्या ‘तुलाच कशी सुट्टी नाही?’ला उत्तर देतो, आणि महिनाअखेर त्याच्या पगारात एक रुपयाही वाढत नाही. कंपनी बदली सुट्टी देत नाही, कायदा मागत नाही. तेव्हा हा भाव टीमलाच आपापसात ठरवावा लागतो. तो नीट ठरला नाही की कुरबुर सुरू होते आणि दरवर्षी तीच दोन माणसं बसतात.

ती दोन माणसं कोण असतात, हेही ओळखीचं आहे. एक म्हणजे लग्न न झालेला, दुसरी म्हणजे शहरातच राहणारी. ‘तुला कुठे गावाला जायचंय?’ हे वाक्य अगदी सहज बोललं जातं. पण गावाला न जाणारीच्या घरी पाहुणे येतात, फराळाची तयारी तिच्याकडेच असते आणि भाऊबीजेला भाऊ तिच्याच दारी येतो. दिवाळी न मानणारा सहकारी दिवाळीला बसेल, हेही गृहीत धरू नये. त्याला विचारावं, आणि तो बसला तर त्याच्या सणाला त्याची जागा पक्की ठेवावी. ईदसारखा सण चंद्रावर ठरत असल्याने तारीख एका दिवसाने सरकते. अशा सहकाऱ्याच्या नावावर लागून आलेले दोन दिवस राखून ठेवावे लागतात.

मागण्याआधी गरज कमी करा

कुणी बसायचं यावर वाद घालण्याआधी किती जणांनी बसायची गरज आहे, ते मोजायला हवं. समजा पुण्यातल्या एका कंपनीचा पाच जणांचा लेखा विभाग आहे. ऑफिसने वर्षाआधी निवडलेल्या चार सुट्ट्यांत गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, दसरा आणि दिवाळी पाडवा आहेत. भाऊबीज यादीत नाही, म्हणून ११ नोव्हेंबर कामाचा दिवस आहे.

दरमहा विवरण भरणाऱ्या कंपनीला महिन्याच्या विक्रीचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरावं लागतं. ऑक्टोबरच्या विक्रीची ती शेवटची तारीख नेमकी भाऊबीजेला येते. म्हणून विभागप्रमुखांचा पहिला अंदाज असतो: ९ ला दोघं हवेत, ११ लाही दोघं. पाच माणसांना दोन्ही दिवस हवे असतील तर मागणी दहा रजांची, आणि देता येतात सहा.

आता कामाकडे पाहा. ऑक्टोबरची विक्री ३१ तारखेला संपली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बिलं आणि विक्रीची नोंदवही जुळवून घेतली, परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा घातल्या आणि शुक्रवारी ६ तारखेला विवरण भरून टाकलं, तर ११ ला दोघांची गरज उरत नाही. ग्राहकांचे आणि बँकेचे प्रश्न घ्यायला एक जण पुरतो. चार जागांच्या तीन झाल्या. जोडून रजा हवी असलेल्याने प्रमुखांकडे जाताना हाच प्रस्ताव न्यावा: सहा तारखेपर्यंत मी अमुक काम पुरं करतो, त्यामुळे ११ ला एक जागा कमी लागेल.

गावाहून लॅपटॉपवर काम करीन, ही तयारी मात्र बसण्यात मोजू नये. नेटवर्क नसलं किंवा घरात पूजा सुरू असली की त्या दिवशीचं काम ऑफिसात बसलेल्या माणसाकडेच येतं. अडीअडचणीला फोन उचलणं वेगळं, त्याची वेळ ठरवून घ्यावी.

पाच जणांची वाटणी

या विभागात पाच गरजा आहेत. नागपूरची सहकारी शुक्रवारी रात्री निघून बुधवारी रात्री परत निघणार, तिला ९ आणि ११ दोन्ही हवेत. चिपळूणच्या सहकाऱ्याने सप्टेंबरातल्या गणपतीसाठी आधीच चार दिवस मंजूर करून घेतले आहेत. मूळच्या पाटण्याच्या सहकाऱ्याला दिवाळीपेक्षा छठपूजा महत्त्वाची आहे. २०२६ मध्ये छठचं संध्या अर्घ्य रविवारी १५ नोव्हेंबरला आणि पहाटेचं सोमवारी १६ ला आहे. त्याला १२, १३, १६ आणि १७ असे चार दिवस हवेत. पुण्यातल्याच सहकारीच्या घरी पाडवा आणि भाऊबीज मोठी असते. पाचवे विभागप्रमुख.

वाटणी अशी बसते. सोमवारी ९ ला चिपळूणकर आणि स्वतः प्रमुख बसतात. प्रमुखांनी एक जागा घेणं गरजेचं आहे. साहेब चार दिवस गावाला आणि टीम ऑफिसात, असं झालं तर बाकीची वाटणी कुणी मनाने मानत नाही. बुधवारी ११ ला छठला जाणारा सहकारी बसतो आणि संध्याकाळी गाडी पकडतो. नागपूर आणि पुण्याच्या दोघींना दोन्ही दिवस मिळतात.

दोघींकडे फेड राहिली. ती ‘पुढे कधीतरी’ म्हणून सोडायची नाही, आत्ताच तारखेनिशी लिहायची. २०२७ मध्ये २६ जानेवारी मंगळवारी येते, म्हणजे सोमवार २५ जानेवारी पुन्हा मधला दिवस होतो. त्या दिवशी या दोघी बसतील. शिवाय १२ ते १७ नोव्हेंबरमध्ये छठला गेलेल्याचं काम त्याच दोघी सांभाळतील. तो १८ ला रुजू होतो आणि २० तारखेच्या जीएसटीआर-३बी साठी दोन दिवस हाताशी राहतात.

छठवाल्या सहकाऱ्याने सँडविचचा नियम नक्की तपासावा. त्याच्या चार रजांच्या मध्ये शनिवार १४ आणि रविवार १५ येतात. सँडविच लागू असेल तर चारऐवजी सहा दिवस जातील, १,५०० च्या दराने ३,००० रुपयांचा फरक. नोव्हेंबरात ज्याची सीएल संपलेली असते, त्याला हा भुर्दंड अर्जित रजेतून भरावा लागतो.

तिकीट आणि अर्ज यांचा क्रम

रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं, प्रवासाचा दिवस सोडून. ६ नोव्हेंबरच्या नागपूर गाडीचं आरक्षण ७ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता उघडेल आणि ११ नोव्हेंबरच्या पाटणा गाडीचं १२ सप्टेंबरला. सणाच्या गाड्या काही मिनिटांत वेटिंगवर जातात. म्हणजे दिवाळीच्या रजेची बोलणी ऑगस्टअखेर संपायला हवीत. गणपतीच्या गडबडीत ती मागे पडतात, आणि ऑक्टोबरात रजा मंजूर होते तेव्हा तिकीट उरलेलं नसतं.

उशिराची किंमत खासगी बसच्या भाड्यात दिसते. २०१८ च्या शासन निर्णयाने खासगी बसला त्याच अंतराच्या एसटी भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येत नाही. दिवाळीत याहून जास्त मागितलं तर तिकिटाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि आरटीओकडे तक्रार करा. दीडपट म्हटलं तरी घरातल्या चार जणांची जाऊन-येऊन रक्कम मोठी होते.

आधी तिकीट काढून मग रजा मागणं मात्र टाळावं. ‘तिकीट काढलंय, आता काय करू?’ असं म्हटलं की समोरच्याला नाही म्हणणं अवघड जातं, आणि टीमला जबरदस्ती झाल्यासारखं वाटतं. वेळच तशी आली तर तिकीट काढताना ग्रुपवर सांगावं की हे रजा मिळेल या आशेवर काढतोय, नाही मिळाली तर रद्द करीन. रद्द करताना रेल्वे कापून घेते ती रक्कम तुमच्या खात्यात धरा, टीमच्या नाही.

काय लिहावं

आधी टीमला, मग प्रमुखांना, हा क्रम पाळावा. साहेबांची परवानगी हातात घेऊन ग्रुपवर जाहीर केलं की इतरांना बोलायला जागा राहत नाही. ग्रुपवरचा निरोप असा असू शकतो:

‘दिवाळीला नागपूरला जायचा विचार आहे. ९ आणि ११ नोव्हेंबर हवे आहेत. अजून अर्ज केलेला नाही, तिकीटही काढलेलं नाही. जीएसटीआर-१ ची जुळवणी ६ पर्यंत मी पूर्ण करते. बदल्यात २५ जानेवारीला मी बसेन. कुणाला हेच दिवस हवे असतील तर ३० ऑगस्टपर्यंत सांगा, एकत्र बसून ठरवू.’

यातलं शेवटचं वाक्य वगळू नका. ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याला रजा, हा नियम वरवर सरळ दिसतो, पण त्यात नेहमी नियोजन करणाऱ्यांना आणि बोलण्यात न बिचकणाऱ्यांनाच फायदा होतो. ठराविक तारखेपर्यंत सगळ्यांच्या मागण्या जमा केल्या आणि मग वाटणी केली, तर नव्याने आलेला, गप्प बसणारा सहकारीही मोजला जातो. मागण्या जास्त आणि जागा कमी झाल्या तर गेल्या दोन वर्षांत मधल्या दिवशी कोण किती वेळा बसलं ते पाहावं. जो जास्त वेळा बसला त्याला आधी जाऊ द्यावं. तरीही बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकावी.

त्यानंतरचा अर्ज छोटा असावा:

‘महोदय, दि. ९ व ११ नोव्हेंबर २०२६ रोजी दोन दिवस किरकोळ रजा मिळावी, ही विनंती. या दिवसांत विभागात कोण हजर राहील, ते सहकाऱ्यांशी बोलून ठरवले आहे, तपशील सोबत जोडला आहे. माझ्याकडील काम ६ नोव्हेंबरपर्यंत पूर्ण होईल.’

नकार आला तर

रजा शिल्लक असणं हा तुमचा हक्क आहे, पण नेमकी तारीख मंजूर करणं व्यवस्थापनाच्या हातात असतं. नकार आला की ‘कोणतं काम अडतंय?’ हे विचारावं. उत्तर एखाद्या ठराविक कामाचं असेल, जसं ११ ची विवरणाची तारीख, तर ते आधी उरकण्याची तयारी दाखवता येते. उत्तर ‘सगळेच मागतायत’ असं असेल तर वाटणीची यादी पुढे ठेवावी आणि एकच दिवस मिळतो का पाहावं. चार दिवसांच्या सुट्टीसाठी सोमवार पुरतो, बुधवारचा आग्रह सोडता येतो.

नकारानंतर सोमवारी सकाळी ‘अंगात ताप आहे’ असा निरोप धाडणं सर्वांत महाग पडतं. खरा आजार असेल तर प्रश्नच नाही. पण एकाच माणसाचे ताप दरवर्षी मधल्या दिवशीच येत असतील तर हजेरीच्या नोंदीत ते सहज दिसतं. पुढे त्याच्या खऱ्या आजारपणातही शंका घेतली जाते, आणि बसायचं नसलेल्या कुणाला तरी त्या सकाळी अचानक धावत यावं लागतं.

नोंद कुठे ठेवायची

वरची सगळी व्यवस्था एका यादीवर उभी आहे. टीमच्या सामाईक शीटवर चार रकाने पुरतात: मधला दिवस, कोण बसलं, कोणाच्या बदल्यात, फेड कधी. वर्षाच्या सुरुवातीला सुट्ट्यांची यादी जाहीर झाली की त्या वर्षीचे मधले दिवस आधीच त्यात भरावेत. २०२७ साठी पहिली ओळ २५ जानेवारीची आहे आणि तिच्यापुढे दोघींची नावं लिहिलेली आहेत.

सणाच्या दिवशी कुणी बसलं तर त्याला दोन खुणा द्याव्यात, मधल्या दिवसाला एक. कायद्याने सणाच्या दिवसाला दुप्पट भाव दिलाच आहे, टीमनेही तोच धरावा. नोकरी सोडून जाणाऱ्याची फेड राहिली असेल तर ती जाण्याआधीच्या एखाद्या मधल्या दिवशी उरकून घ्यावी, नाहीतर ती यादीतून काढून टाकावी. नव्याने येणाऱ्यावर ती चढवू नये. विभागप्रमुख बदलला तर कामाबरोबर ही यादीही नव्या प्रमुखाकडे सोपवावी, कारण गेल्या दिवाळीला कोण बसलं होतं हे त्याला दुसरीकडून कळणार नाही.